पुणे ते मानवत, रात्रीची एसटी आणि हक्कसोडचा कागद

बाबा १२ डिसेंबर २०२४ ला गेले. त्यानंतर अडीच महिन्यांनी, फेब्रुवारीच्या शेवटी, दादाचा फोन आला की सोमवारी ३ मार्चला ये, हक्कसोडवर, म्हणजे बाबांच्या जमिनीतला माझा वाटा सोडल्याच्या कागदावर सही करायची आहे, कागद तयार आहेत, एका दिवसाचं काम आहे. मी हो म्हणाले. खरं सांगते, नाही म्हणायचं डोक्यातच आलं नाही. आमच्या मानवत तालुक्यातल्या गावात बहिणी सह्या करतातच, आईनं तिच्या भावांना दिली, आत्यांनी बाबांना दिली. ज्या बायकांना असाच फोन आलाय किंवा येणार आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मला जे कळलं ते कुठल्या वकिलाकडून नाही, एसटीतल्या शेजारच्या सीटवरून कळलं.

रविवारी २ मार्चची रात्री नऊची परभणी गाडी होती, शिवाजीनगरहून. आधी एक सांगते, शिवाजीनगर स्टँड मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला गेलंय, रिक्षावाल्याला वाकडेवाडीच सांगा, नाहीतर जुन्या जागी उतरवतो आणि मग बॅग घेऊन पळापळ. मी कात्रजहून साडेसातलाच निघाले आणि सव्वाआठला पोचले. नवऱ्यानं निघताना एवढंच म्हटलं, तुझं माहेर आहे, तुझं तू ठरव. त्याचा राग नाही, पण एकटं वाटलं. बायकांना तिकीट अर्धं असल्यामुळे तीनशेच्या आत काम झालं. गाडी लागली नऊ वीसला आणि हलली पावणेदहाला.

माझ्या सीटवर खिडकीजवळ एक मावशी आधीच बसल्या होत्या. साठीच्या आसपास, नऊवारी, डोक्यावरून पदर, मांडीवर पांढऱ्या नायलॉनच्या पोत्याची शिवलेली पिशवी. खिडकीचा नंबर माझा होता पण त्यांना मळमळतं म्हणून मी काही बोलले नाही. त्यांनीच विचारलं, कुठं उतरनार गं लेकी? मानवत म्हटल्यावर चेहरा उजळला, म्हणाल्या मी पाथरीची, म्हणजे पाथरीच्या अलीकडच्या खेड्यातली. पुण्यात वारज्याला पोराकडं असतात, दोन घरी पोळ्या करतात, पुतणीच्या लग्नाला निघाल्या होत्या.

वाघोलीत अर्धा तास ट्रॅफिक. शिक्रापूर येईपर्यंत आमचं पोळ्या, पगार, सुना, नातवंडं सगळं झालं होतं. मग त्यांनी विचारलं, तू कामून चाललीस, तेबी एकटी? मी सांगितलं, सही करायला. कसली सही? हक्कसोडची.

मावशी गप्प झाल्या. खिडकीची काच खडखडत होती, त्यांनी पदराचं टोक दुमडून फटीत घातलं तेव्हा आवाज थांबला. रांजणगाव मागं पडेपर्यंत एक शब्द नाही. मला वाटलं झोपल्या.

शिरूर गेल्यावर म्हणाल्या, म्याबी केलती सही. सही म्हंजी अंगठा.

त्यांची गोष्ट त्यांच्याच बोलीत सगळी लिहायला मला जमणार नाही, पण जेवढी आठवते तेवढी सांगते. त्यांच्या वडलांची कालव्याखालची सहा एकर काळी जमीन. वडील गेल्यावर वर्षश्राद्धाला बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, तालुक्याला चल, बाबाच्या कागदावर अंगठा लागतो, वारस लावायचा आहे. जीपमध्ये दोघी बहिणी, दोन भाऊ. हापिसात खूप गर्दी, त्यांना बाकावर बसवलं, नाव पुकारल्यावर टेबलाशी नेलं. साहेबानं विचारलं, कागद वाचून दाखवला का, मान्य आहे का? "मव्हा भाऊ मागं उभा व्हता. त्यानं हळूच सांगितलं, हो म्हन. म्या हो म्हनलं." मग अंगठा, फोटो, आणि बाहेर आल्यावर भावानं दोघींना भजी खाऊ घातली आणि एकेक साडी घेतली. मोरपंखी, अजून आहे म्हणाल्या.

"मला वाटलं वारस लागला. तीन-चार वर्सं मी शेजारनीला सांगत व्हते का सातबाऱ्यावर मव्हं नाव हाय म्हनून."

कळलं कसं? रस्ता रुंद करताना शेताची एक पट्टी गेली, मोबदला आला. मावशी भावाला म्हणाल्या, मव्हा वाटा? भाऊ म्हणाला तू तर सोडून दिलंस, कागद बघ. बघितला तर खरंच सोडून दिलेलं होतं, रजिस्टर होतं, त्यांचाच अंगठा होता.

मी विचारलं, मावशी, मग भांडला नाहीत? त्या म्हणाल्या, एकानं सांगितलं फसवून घेतलंय असं कोर्टात सिद्ध करावं लागंल, आन कळल्यापासून तीन वर्सांच्या आत जावं लागतं. पैसा कुठून आनू, साक्षीदार कोन, दुसरी बहीण तर भावाच्याच दारात राहती. सोडून दिलं.

आणि मग जे म्हणाल्या ते मी नंतर बरेच दिवस विसरू शकले नाही. म्हणाल्या, "मागितली असती तर म्या दिलीच असती गं. भाऊच हाय. पर कागद वाचला असता का नाय कुनी मव्हासाठी."

सुप्याच्या पुढं सव्वाबाराला गाडी एका ढाब्यावर थांबली. कंडक्टर वीस मिनिटं म्हणाला. एकटीनं रात्री प्रवास करणाऱ्यांनी अशा वेळी गाडीचा नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, तिथं एकसारख्या पाच-सहा लाल गाड्या उभ्या असतात आणि अंधारात आपली कुठली ते कळत नाही. मावशींसाठी चहा आणला, त्यांनी पिशवीतून धपाटे काढले, तिळाचे, वर लसणाची चटणी. आमच्याकडं असतात तसेच. आईच्या हातचे खाल्ल्याला दोन महिने होऊन गेले होते, बाबांच्या तेराव्यानंतर मी गावी गेलेच नव्हते. घास तोंडात असताना मला एकदम रडू आलं आणि मी नवऱ्यालाही न सांगितलेलं त्यांना सांगून टाकलं की मला जमीन नकोय, मला भीती वाटते की सही नाही केली तर आई दादाकडं राहते, तिचं काय होईल, आणि मला दारात कोण घेईल.

त्यांनी विचारलं, आईचं नाव हाय का कागदात?

मला माहीत नव्हतं.

"आई बी वारस असती. तिचाबी वाटा सोडून घेत्यात त्याच कागदात. मव्ह्या आईचा घेतला. मंग ती म्हातारपनी थाळीसाठी वाट बघायची."

नगरच्या स्टँडवर एक वाजता बरीच माणसं उतरली, काही चढली. करंजी घाटात गाडी हळू झाली, दिवे बंद, पुढं कुणीतरी घोरत होतं. आम्ही हळू बोलत होतो पण पलीकडच्या सीटवरचा माणूस जागा होता. पस्तीस-छत्तीसचा असेल, चाकणच्या कंपनीत कामाला, माजलगावला चाललेला. म्हणाला, ताई, मधे बोलतोय, माफ करा, पण मी ऐकत होतो.

मला वाटलं हा आता भावांची बाजू मांडणार. त्यानं सांगितलं ते वेगळंच. त्याच्या बायकोनं तिच्या भावांकडून हिस्सा घेतला, जमिनीऐवजी सात लाख, त्यात चाकणला वन आरके घेतला. त्यानंच तिला घ्यायला लावलं, कायदा आहे म्हणून. २००५ च्या कायद्यानं मुलीला मुलाइतकाच हक्क आहे आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात असलाच पाहिजे असं नाही, हे सगळं त्याला पाठ होतं. आणि मागच्या दिवाळीत त्याच्याच बहिणीनं विचारलं, दादा माझं नाव लावशील का, तेव्हा तो तिच्यावर ओरडला. भाऊबीजेला ती आली नाही.

"त्याच वन आरकेत बसून तिला मी म्हनलं का तुला लाज नाही का वाटत," तो म्हणाला. थोडा वेळ थांबून म्हणाला, "हे मी घरी कुनाला बोललो नाही."

अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता, बहुतेक म्हणूनच बोलला. मावशी म्हणाल्या, मंग आता कुठं चाललास? तो म्हणाला, तिच्याचकडं. आधी फोन केला नाही, फोन केला तर येऊ नको म्हणेल.

खरवंडीच्या पुढं रस्ता सरळ लागला आणि मी त्याला विचारत गेले, कारण त्याला खरंच माहिती होती, बायकोच्या वेळी सगळं त्यानंच केलेलं. जे सांगितलं त्यातलं मला उपयोगी पडलेलं लिहिते.

पहिली गोष्ट, वारस नोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आधी वारस नोंद होते. माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं मृत्यू दाखला आणि सगळ्या वारसांची नावं देऊन अर्ज करायचा, तलाठी नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो आणि सातबाऱ्यावर नावं येतात. बायको, मुलगे, मुली सगळ्यांची. काही जण मुलींची नावं अर्जातच देत नाहीत, काही ठिकाणी पूर्वी बहिणींना "इतर अधिकार" या रकान्यात टाकलेलं असतं. म्हणून सही करायच्या आधी स्वतः सातबारा बघायचा. मोबाईलवर महाभूलेखला फुकट दिसतो, सही असलेला डिजिटल हवा तर पंधरा रुपये.

त्यानं लगेच म्हटलं, गट नंबर माहितीय का? माहीत होता, बाबांच्या पीकविम्याचे फॉर्म मीच भरायचे. गढीजवळ रेंज आली तेव्हा पहाटे पावणेचारला मी मोबाईलवर सातबारा उघडला. स्क्रीनवर बाबांच्या नावाला कंस पडलेला होता, म्हणजे ते नाव कमी झालं. खाली तीन नावं. दादाचं, आईचं, आणि माझं, माहेरच्या नावासकट. मी ते कितीतरी वेळ बघत होते. बाबांच्या नावाला पडलेला तो कंस बघून जे वाटलं ते मृत्यूच्या दाखल्यावर बघूनही वाटलं नव्हतं. मावशींना वाचता येत नाही, त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, यातलं तुव्हं नाव कंचं? मी दाखवलं. त्यांनी बोट तिथंच ठेवलं, स्क्रीन वर सरकली, मी परत खाली आणली.

म्हणजे दादानं नाव लपवलं नव्हतं. हे कळल्यावर मला फार हलकं वाटलं, आणि रात्रभर त्याच्याबद्दल जे मनात येत होतं त्याचं वाईटही वाटलं.

दुसरी गोष्ट, हक्कसोडला मुदत नाही. कुणी घाई केली तरी आज नाही तर सहा महिन्यांनी होतं, काही अडत नाही. उलट एकदा रजिस्टर झालं की मनात आलं म्हणून मागं घेता येत नाही. नुसत्या स्टँपवर नोटरी करून घेतलेला कागद जमिनीला चालत नाही, दुय्यम निबंधकाकडं नोंदवावाच लागतो.

तिसरी गोष्ट, मसुद्यात काय सोडतोय ते वाचायचं. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहिलेलं असावं. "सर्व स्थावर जंगम मिळकत" असं मोघम असेल तर त्यात घर, गावठाणातली जागा, सगळं जातं.

माजलगावला साडेचारला तो उतरला. स्टँडवर अंधार होता, चहाची एक गाडी तेवढी चालू. उतरताना मावशींच्या पाया पडला. खिडकीतून दिसला, हातात मिठाईचा बॉक्स, रिक्षा न करता तिथंच बाकावर बसला. उजाडायची वाट बघत असेल.

ढालेगावला गोदावरी ओलांडली की मला नेहमी घर आल्यासारखं वाटतं. पुलावर मावशींनी हात जोडले, पिशवीतून एक रुपया काढून खिडकीची काच सरकवून खाली टाकला, मग दुसरा काढला आणि माझ्या हातात दिला. मीही टाकला. पाथरीला सव्वापाचला त्या उतरल्या, पुतण्या मोटारसायकल घेऊन आला होता. पिशवी त्याच्याकडं देताना मला म्हणाल्या, वाच गं बाई. फोन नंबर घ्यायचा राहिला. नावही विचारलं नाही, मावशी मावशीच म्हणत होते.

मानवतला पावणेसहाला उतरले. दादा आला होता न्यायला, डोळे तांबारलेले, तोही झोपला नसावा. घरी चहा झाला आणि मी आईसमोरच म्हटलं, दादा कागद दाखव, वाचते. तो म्हणाला, वाच की. चार पानं होती. दुसऱ्या पानावर ते वाक्य होतंच, "सदर गटातील तसेच इतर सर्व स्थावर व जंगम मिळकतीतील". आणि लिहून देणार म्हणून दोन नावं होती, माझं आणि आईचं.

मी विचारलं, आईचं का? दादा म्हणाला, लिहिणाऱ्यानं सांगितलं एकाच कागदात होऊन जातं, परत परत खर्च नको. मला वाटतं तो खरंच बोलत होता. आई चुलीपाशी होती, तिला विचारलं, तुला माहीत होतं का? ती म्हणाली, मला काय कळतंय, तुम्ही म्हणाल तिथं.

मी म्हटलं, मी शेत सोडते, पण घराचा उल्लेख काढ आणि आईचं नाव सातबाऱ्यावर राहू दे. वहिनी आतून म्हणाली, आमच्यावर विश्वास नाही का. हे सगळ्यात कठीण होतं. मी पाठ केलेलं काही बोलले नाही, रडतच म्हटलं की विश्वास आहे म्हणून तर शेत देतेय, पण आई आहे तोवर तिच्या नावावर काहीतरी असू दे. दादा अंगणात गेला. अकरा वाजता तालुक्याला जायचं होतं, तो गेला नाही. जेवलाही नाही. त्या रात्री मी परत निघाले तेव्हा सोडायला शेजारचा पोरगा आला.

सतरा दिवस फोन नाही. मी रोज आईला करायचे, ती दुसरंच काहीतरी बोलायची, हरभरा निघाला, म्हैस आटली. मग २१ मार्चला दादाचाच आला. म्हणाला, कागद बदलून घेतलाय, व्हॉट्सॲपला टाकतो, वाच. फक्त गट नंबर, क्षेत्र, माझा हिस्सा. आईचं नाव नाही. मी वाचला, ओळखीच्या एका वकिलांना पाचशे रुपये देऊन वाचून घेतला, त्यांनी एका ठिकाणी क्षेत्र चुकलंय ते दाखवलं, हेक्टर-आरमध्ये एक शून्य जास्त पडला होता. दादानं ते दुरुस्त करून घेतलं.

१७ एप्रिलला गुरुवारी सही झाली. वडिलोपार्जित जमीन आणि सख्ख्या भावाला बिनमोबदला, म्हणून स्टँप पाचशे रुपयांचा, आधी दोनशे होता, ऑक्टोबर २०२४ पासून वाढला. तेव्हा पानामागे वीस रुपये हाताळणी शुल्क होतं, आणि लिहिणाऱ्याचे तीन हजार, ते दादानं दिले. ओळख पटवायला दोन माणसं लागतात, त्यांची आधार कार्डं घेऊन जा. आमच्यातला एक कार्ड घरी विसरला त्यात दीड तास गेला. दस्ताची माहिती आधी ऑनलाईन भरलेली असते, तो नंबर सांगितला की ते स्क्रीनवर काढतात. आईला बरोबर यायची गरज नव्हती तरी ती आली, कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिली, बाबांची जुनी छत्री मांडीवर घेऊन.

नाव पुकारलं. टेबलापलीकडच्या साहेबांनी दस्त उलटा करून माझ्याकडं सरकवला आणि विचारलं, वाचलाय का, मान्य आहे का?

दादा माझ्या मागंच उभा होता. काही बोलला नाही.

मी म्हटलं, हो, तीनदा वाचलाय. मग अंगठा त्या मशीनवर ठेवला. पहिल्यांदा उमटला नाही, त्यांनी पुसून परत ठेवायला सांगितलं.